गुंगी, गाढ गुंगी आणि पूर्ण भूल

मराठीत ‘भूल’ या एका शब्दाला बरेच काही वाहावे लागते. चूक ती भूल, विसर पडला तरी भूल, मोहिनी पडली तरी भूल. आणि शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर जे औषध देतात तीही भूलच, म्हणून ते देणारा तो भूलतज्ज्ञ. अकोले तालुक्यातील राजूर, कोतूळ किंवा समशेरपूरकडचा रुग्ण संगमनेर, लोणी अथवा नाशिक येथील रुग्णालयात दाखल होतो तेव्हा त्याच्या तोंडी या भुलेचे तीन प्रकार आधीच तयार असतात : जागेवरची भूल, अर्धी भूल आणि पूर्ण भूल. ही वाटणी चुकीची नाही, पण ती शरीराच्या हिशेबाने केलेली आहे. जागेवरच्या भुलेत दाताची हिरडी किंवा बोट बधिर होते. अर्ध्या भुलेत पाठीच्या मणक्यांमधून बारीक सुईने औषध दिल्यामुळे कमरेखालचा भाग बधिर होतो. आणि या दोन्हींत माणूस स्वतः पूर्ण शुद्धीवर असू शकतो. दुर्बिणीच्या तपासण्या वाढल्यापासून मात्र ‘थोडी गुंगी देऊ’ असे एक चौथे वाक्य रुग्णाच्या कानावर पडू लागले आहे, आणि ते ऐकून ‘म्हणजे अर्धी भूल ना?’ असा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. गोंधळाचे मूळ येथेच आहे. अर्धी भूल म्हणजे अर्धे शरीर. गुंगी म्हणजे शुद्धीचा काही अंश. पहिली वाटणी बधिरतेची आहे, दुसरी जाणिवेची, आणि प्रस्तुत पुस्तिकेचा विषय ही दुसरी वाटणी आहे.

या दुसऱ्या वाटणीचा अनुभव ग्रामीण भागाला अगदी नवा आहे असेही नाही. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया जागेवरच्या भुलेबरोबर गुंगीचे इंजेक्शन देऊन करण्याची पद्धत आहे, आणि अशी शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया तिचे वर्णन ‘डोळे जड झाले होते, पण आजूबाजूचे बोलणे ऐकू येत होते’ अशा शब्दांत करतात. हे वर्णन वैद्यकीयदृष्ट्या नेमके आहे. त्या स्त्रिया ज्या अवस्थेतून गेल्या तिला वैद्यकाच्या परिभाषेत कॉन्शस सिडेशन म्हणतात, आणि या पुस्तिकेत तिच्यासाठी ‘सजग गुंगी’ हा शब्द योजला आहे. तिच्या पुढची पायरी डीप सिडेशन, म्हणजे गाढ गुंगी; आणि त्याही पुढची जनरल अ‍ॅनेस्थेशिया, म्हणजे पूर्ण भूल.

पायरी हा शब्द सोयीचा असला तरी तो फसवा आहे, कारण पायऱ्यांना कडा असतात आणि येथे त्या नाहीत. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 1999 मध्ये या अवस्थांची जी व्याख्या केली, आणि जी पुढे काही दुरुस्त्यांसह जगभर वापरात आली, तिच्यात या सर्व अवस्था एका सलग उतारावरच्या खुणा म्हणून मांडल्या आहेत. उताराच्या माथ्यावर केवळ मनाची धास्ती कमी करणारी हलकी अवस्था असते, जिच्यात माणूस नेहमीसारखा बोलतो. त्यानंतर सजग गुंगी, मग गाढ गुंगी, आणि तळाशी पूर्ण भूल. रुग्ण या उतारावर कोठे उभा आहे हे कोणते औषध दिले किंवा किती दिले यावरून ठरत नाही, कारण एकाच मात्रेने एक जण नुसता सैलावतो आणि दुसरा गाढ झोपी जातो. ते ठरते रुग्णाला हाक मारल्यावर तो काय करतो यावरून.

नावाने हाक मारली किंवा खांद्यावर हलकेच थोपटले की जो डोळे उघडतो आणि ‘कुशीवर वळा’ म्हटल्यावर वळू पाहतो, तो सजग गुंगीत आहे. ज्याला वारंवार हलवावे लागते किंवा दुखेल इतके दाबावे लागते, आणि तेव्हा कोठे जो तो दाबणारा हात बाजूला सारू पाहतो, तो गाढ गुंगीत आहे. दुखवले तरीही ज्याला जाग येत नाही, तो पूर्ण भुलेत आहे. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. चिमटा काढल्यावर हात नुसता आखडला जाणे हा प्रतिसाद मानला जात नाही, कारण तो मज्जारज्जूच्या पातळीवरचा आपोआप होणारा झटका असतो; चिमटा काढणाऱ्याच्या हाताचा रोख धरून तो ढकलणे, हा जाणिवेचा पुरावा. अननुभवी नजरेला दोन्ही हालचाली सारख्याच दिसतात, आणि ‘पेशंट हलतोय, म्हणजे भूल कमी आहे’ असे समजून आणखी औषध देण्याची चूक येथेच घडू शकते.

जाणीव हा या उताराचा एक धागा झाला. त्याच्याबरोबर श्वासाचा दुसरा धागा उतरत असतो, आणि जिवाशी गाठ त्याचीच असते. जागेपणी माणसाची जीभ व घशाचे स्नायू नकळत ताणलेले असतात, म्हणून उताणे झोपूनही वाट मोकळी राहते. गुंगी वाढत जाते तसे हे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि घशाची वाट अरुंद होते. त्याच वेळी मेंदूतील श्वासाचे केंद्रही मंदावते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू लागला की जोराने श्वास घ्यायला लावणे हे त्याचे काम, पण औषधाच्या अमलाखाली त्याला ती निकड जाणवेनाशी होते. सजग गुंगीत ही दोन्ही कामे रुग्ण स्वतः सांभाळतो. गाढ गुंगीत त्याला मदत लागू शकते : हनुवटी वर उचलणे, जबडा पुढे ओढून धरणे, प्रसंगी मास्क लावून फुगा दाबणे. पूर्ण भुलेत अशी मदत लागेलच असे धरून चालायचे असते, आणि म्हणून बहुधा घशात किंवा श्वासनलिकेत नळी बसवून श्वासाचा ताबा भूलतज्ज्ञ स्वतःकडे घेतो. हृदय व रक्तदाब या उतारावर बऱ्याच खालपर्यंत टिकून राहतात. त्यांची खरी परीक्षा पूर्ण भुलेत होते.

गुंगीत असलेला रुग्ण घोरू लागला तर त्याला गाढ झोप लागली आहे असे वाटून पाहणारे निश्चिंत होतात. भूलतज्ज्ञाच्या कानाला तोच आवाज अर्धवट बंद झालेल्या वाटेचा वाटतो, आणि घोरणे एकाएकी थांबले, छाती वरखाली होत राहिली पण हवेचा आवाज येईना, तर ती वाट पूर्ण बंद झाल्याची खूण असते. बोटाला लावलेला चिमटा, म्हणजे पल्स ऑक्सिमीटर, ही बातमी उशिरा देतो. रुग्णाच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली असेल तर फुप्फुसांत इतका साठा असतो की श्वास जवळजवळ थांबला तरी पडद्यावरचा आकडा काही काळ 98 किंवा 99 दाखवत राहतो. ही त्रुटी भरून काढण्यासाठी कॅप्नोग्राफ नावाचे यंत्र वापरतात. ते बाहेर पडणाऱ्या प्रत्येक उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजून पडद्यावर लाट उमटवते, आणि श्वास अडला की लाट लगेच सपाट होते. गाढ गुंगी दिली जाणार असेल तेथे हे यंत्र आहे का, हा प्रश्न रुग्णाने विचारण्यासारखा आहे, आणि तो विचारल्याबद्दल कोणी समजूतदार भूलतज्ज्ञ रागावणार नाही.

या तीन अवस्थांतील अंतर एकाच रुग्णावर दाखवता येते. समजा, अकोले परिसरातील साठी ओलांडलेला, साठ किलो वजनाचा शेतकरी आहे. हिमोग्लोबिन कमी भरल्यामुळे त्याची मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, ठरली आहे. आतड्यात दुर्बीण सरकताना ती वळणावर वेटोळे घालते आणि आतडे ताणले जाते. कळ येते ती त्या ताणाची. आतील अस्तर कापल्याचे दुखणे मात्र जाणवत नाही, म्हणून गाठ सापडून ती तारेच्या फासाने काढली तरी त्या क्षणी वेदना होत नाही. सजग गुंगीत करायचे ठरले, तर मिडाझोलामचा एखादा मिलिग्रॅम शिरेतून सावकाश दिला जातो, त्याचा अंमल दिसेपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबतात, वेदनेसाठी फेंटानिलची लहान मात्रा जोडतात, आणि गरज पडली तरच पुन्हा थोडे देतात. वयस्कर माणसात या थांबण्याला मोल आहे, कारण त्याच्या शरीरात औषध मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि घाईने दिलेली दुसरी मात्रा पहिलीवर स्वार होते. हा शेतकरी वळणावर कण्हेल, ‘कुशीवर वळा’ म्हटल्यावर वळेल, पडद्याकडेही पाहील.

तीच तपासणी गाढ गुंगीत करायची तर बहुधा प्रोपोफोल वापरतात. सोयाबीन तेलात घोटलेले हे दुधासारखे पांढरे औषध अर्ध्या-पाऊण मिनिटात अंमल दाखवते आणि देणे थांबवले की पाच-दहा मिनिटांत उतरते, म्हणून ते सोयीचे. वीस मिलिलिटरच्या नेहमीच्या कुपीत त्याचे 200 मिलिग्रॅम असतात. या शेतकऱ्याला गाढ गुंगीसाठी आरंभी तीन-चार मिलिलिटर पुरतील आणि मग अधूनमधून एक-दोन. त्याच कुपीतून आठ-दहा मिलिलिटर एकदम दिले तर तो थेट पूर्ण भुलेत जाईल. दोन अवस्थांमध्ये एवढेच अंतर आहे : तीच कुपी, तीच पिचकारी, अंगठ्याचा थोडा अधिक दाब. यावरून एक रूढ समजही दुरुस्त होतो. घशात नळी घातली नाही म्हणजे पूर्ण भूल दिलीच नाही, असे नव्हे. दुखवूनही रुग्ण जागा होत नसेल तर नळी असो वा नसो, तो पूर्ण भुलेतच आहे.

हीच गोष्ट जगाने एका दुःखद प्रसंगातून पाहिली. 25 जून 2009 रोजी मायकेल जॅक्सन या गायकाचा मृत्यू झाला तो प्रोपोफोलने. औषध रुग्णालयातलेच होते, देणाराही डॉक्टरच होता, पण जागा होती शयनगृह, आणि श्वासावर अखंड नजर ठेवून तो सावरण्याची सिद्धता तेथे नव्हती. 2011 मध्ये न्यायालयाने त्या डॉक्टरला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले. मिडाझोलामचा अंमल फ्लुमाझेनिलने, फेंटानिलचा नालोक्झोनने उलटवता येतो. प्रोपोफोलला असा उतारा नाही. ते जास्त झाले तर ते उतरेपर्यंत रुग्णाचा श्वास दुसऱ्या कोणी तरी चालवणे, एवढाच उपाय.

या मीमांसेतून निघणारा एक निष्कर्ष बहुतेक रुग्णांच्या अपेक्षेविरुद्ध जातो. ‘पूर्ण भूल नको, थोडीच गुंगी द्या’ ही विनंती धोका कमी करण्यासाठी केली जाते. पण गाढ गुंगी ही नेहमीच मधली, म्हणून मध्यम धोक्याची अवस्था नसते. पूर्ण भुलेत श्वासनलिकेत नळी घातलेली असली तर तिच्याभोवतीचा फुगा वाट सीलबंद करतो आणि पोटातील काही वर आले तरी फुप्फुसात सहसा जात नाही. गाढ गुंगीत ठसका लागण्याची शरीराची ताकद गेलेली असते आणि तिच्या जागी नळीही आलेली नसते. आतडे अडल्यामुळे पोट फुगलेल्या, उलट्या होणाऱ्या रुग्णाला म्हणूनच जाणता भूलतज्ज्ञ गाढ गुंगीऐवजी पूर्ण भूल देणे पसंत करतो, आणि त्याचा हा निर्णय नातेवाइकांना विनाकारण मोठा वाटण्याचे कारण नाही.

उपाशी राहण्याच्या सूचनेचे कारणही हेच आहे, आणि तिन्ही अवस्थांसाठी ती सारखीच पाळायची असते, कारण सजग म्हणून दिलेली गुंगी कधी गाढ होईल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. पाणी किंवा आरपार दिसणारे पेय दोन तास आधीपर्यंत चालते; हलक्या जेवणानंतर सहा तास आणि तेलकट अथवा मटणाच्या जेवणानंतर आठ तास जावे लागतात. चुकते ते चहापाशी. पहाटे एसटी पकडण्यापूर्वी घोटभर चहा घेतलेला माणूस ‘काही खाल्लं का?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देतो. पण दूध जठरात जाऊन साकळते आणि अन्नासारखेच रेंगाळते, म्हणून दुधाच्या चहालाही सहा तासच मोजावे लागतात. बिनदुधाचा कोरा चहा मात्र पाण्यात जमा होतो.

श्वासाची वाट सोपी की अवघड, हे भूलतज्ज्ञ आधीच्या तपासणीत तोंड उघडायला लावून पाहतो. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी असली तरी गुटखा आणि सुपारी चघळून ज्यांच्या गालांच्या आतील अस्तर चिवट झाले आहे आणि तोंडात दोन बोटेही नीट जात नाहीत, असे रुग्ण आजही येतात. अशा माणसाला गाढ गुंगी देणे म्हणजे परतीचा रस्ता न पाहता घाट उतरण्यासारखे आहे. श्वास अडला तर आत नळी घालायलाच वाट नसते. रात्री जोरात घोरणे, झोपेत श्वास अडून दचकून जागे होणे, हलणारा दात, कवळी, आधीच्या भुलेच्या वेळी झालेला त्रास या गोष्टी रुग्णाला किरकोळ वाटतात आणि संकोचाने सांगायच्या राहून जातात. घोरण्याची माहिती तर रुग्णाला स्वतःला नसतेच. ती त्याच्या घरच्यांना असते, म्हणून या तपासणीला घरचे कोणी तरी सोबत असलेले बरे.

उताराचे हे चित्र सर्वत्र लागू पडत नाही, हेही नोंदवले पाहिजे. केटामाइन हे औषध त्याला अपवाद आहे. त्याच्या अमलाखाली रुग्णाचे डोळे उघडे असू शकतात, श्वास आणि रक्तदाब बऱ्याच अंशी टिकून राहतात, पण वेदना आणि भोवतालची जाणीव त्याच्यापर्यंत पोचत नाही. हाक मारून काही कळत नाही आणि उघड्या डोळ्यांवरून काही ठरवता येत नाही. साधनांची टंचाई असलेल्या ठिकाणी हे औषध वापरात टिकून राहिले ते याच गुणांमुळे. त्याचा अंमल उतरताना काहींना भयंकर भास होतात, आणि ते औषधाचे असतात, बाहेरच्या बाधेचे नसतात, हे घरच्यांना आधी सांगून ठेवले तर पुढचा पुष्कळ घोळ टळतो.

मग रुग्णाने नेमके काय विचारावे? ‘कोणती भूल?’ हा प्रश्न ठीक आहे, पण अपुरा आहे. अमेरिकेतील त्या व्याख्येसोबतच एक तत्त्व सांगितले आहे : ज्या पातळीची गुंगी द्यायची ठरली, तिच्या एक पायरी खाली रुग्ण घसरला तर त्याला सावरून वर आणता येईल, एवढे कसब देणाऱ्याकडे असले पाहिजे. म्हणजे सजग गुंगी देणाऱ्याला गाढ गुंगीतला श्वास सांभाळता आला पाहिजे, आणि गाढ गुंगी देणाऱ्याला पूर्ण भुलेतला. दुर्बीण हाती धरलेल्या डॉक्टरचे लक्ष पडद्यावर असते आणि ते तेथेच असायला हवे. म्हणून गाढ गुंगी असेल तेथे केवळ श्वासाकडे पाहणारा, दुसरे कोणतेही काम अंगावर नसलेला जाणकार माणूस खोलीत लागतो. ‘मी ठरल्यापेक्षा जास्त झोपलो तर माझा श्वास कोण सांभाळणार, आणि ते तपासणी संपेपर्यंत माझ्याजवळ असणार का?’ हा प्रश्न सही करण्याआधी विचारावा. संमतिपत्रावर अनेकदा ‘सिडेशन’ एवढाच शब्द असतो. त्यापुढे सजग की गाढ हे लिहून घ्यावे.

या लेखी नोंदीचा आणखी एक उपयोग आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमधील भूलतज्ज्ञांनी 2014 मध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. शस्त्रक्रिया चालू असताना शुद्ध आल्याच्या तक्रारी हा तिचा विषय होता. त्यांतल्या काही तक्रारी अशा रुग्णांच्या निघाल्या, ज्यांना पूर्ण भूल दिलीच नव्हती. त्यांना गुंगीच दिली होती, पण आवाज ऐकू येतील, कदाचित थोडे कळेल, हे कोणी नीट सांगितले नव्हते. सजग गुंगीत आवाज ऐकू येणे हा बिघाड नाही, ती त्या अवस्थेची व्याख्याच आहे. उलट बाजूनेही फसगत होते. मिडाझोलाम दिल्यावर माणूस बोलतो, उत्तरे देतो, आणि तासाभराने त्यातले काहीच त्याला आठवत नाही. ‘मला तर काहीच कळले नाही’ असे तो सांगतो तेव्हा तो गाढ झोपला होता असे सिद्ध होत नाही, त्या वेळच्या आठवणी मेंदूत उमटल्या नाहीत एवढेच सिद्ध होते.

तपासणीनंतरच्या खोलीतही हा विसर काम करत असतो. शेतकरी उठून बसला आहे, चहा-बिस्किट घेतले आहे, डॉक्टर येऊन गाठ काढल्याचे, तिचा अहवाल कधी मिळेल त्याचे आणि रक्त पडल्यास काय करायचे त्याचे सांगून गेले आहेत, त्याने मान डोलावली आहे. आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत त्यातले एक अक्षरही त्याच्यापाशी उरलेले नसते. म्हणून हे सारे सोबतच्या माणसाला सांगून कागदावर लिहून देण्याची पद्धत आहे, तो कागद सोबत्याच्याच खिशात जायचा असतो, आणि पुढचे चोवीस तास मोटारसायकलची किल्ली व उसाच्या पैशांचे सहीचे कागद हेही त्या सोबत्याकडेच राहायचे असतात.